किट खराब नव्हतं, आकडा चुकीचा होता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाड्यासमोर, गल्लीत उभी राहणारी पेट्रोल हॅचबॅक. बॅटरी 35 अँपिअर-तासांची, तीन वर्षं जुनी. समोर आणि मागे कॅमेरा असलेला डॅशकॅम, तो चोवीस तास चालावा म्हणून बॅटरीवरून पुरवठा देणारं हार्डवायर किट. किटच्या खोक्यावर ठळक छापलेलं, बॅटरी 11.8 व्होल्टवर आली की पुरवठा आपोआप बंद. तरी जानेवारीत दर तिसऱ्या सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. बाजारातल्या एका दुकानात निदान झालं होतं की किट खराब आहे, दुसरं घ्या. गाडीवाल्या काकांनी दुसरं घेतलं आणि चार दिवसांत पुन्हा तेच. आमच्याकडे गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "आता तिसरं किट तेवढं चांगल्या कंपनीचं बसवा." म्हटलं, "बसवू काका, पण आधी एक रात्र मीटर लावून बघू या."

आधी मोजायचं ते हे, की गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय. मल्टिमीटरची लाल तार 10 अँपिअरच्या भोकात घालायची, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, आणि मीटर ती तार व निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये लावायचा. इथे दोन गोष्टी बहुतेकांच्या चुकतात. पहिली अशी, की टर्मिनल सोडून पुन्हा जोडलं की गाडीतले सगळे कंट्रोलर जागे होतात आणि पुढची काही मिनिटं करंट भलताच मोठा दिसतो. म्हणून टर्मिनल सोडण्याआधीच एक जाडसर तार तिथे समांतर जोडून घ्यायची, मीटर लावायचा आणि मग ती तार काढायची. पुरवठा एक क्षणही तुटत नाही आणि घड्याळही पुसलं जात नाही. दुसरी चूक घाईची. गाडी लॉक केल्यावर पूर्ण झोपायला दहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. बॉनेट उघडं असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं, नाहीतर गाडी बॉनेट उघडं आहे असं समजून जागीच राहते. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

चाळीस मिनिटांनी मीटर 390 मिलिअँपिअरवर स्थिर झाला. कारखान्यातून आलेली गाडी झोपल्यावर साधारण 20 ते 50 घेते. किटचा फ्यूज काढला तर आकडा 80 वर आला, म्हणजे डॅशकॅमचे 310. उरलेल्या 80 पैकी 52 सापडले स्टिअरिंगखाली, ओबीडी सॉकेटमध्ये लावून विसरलेल्या ब्लूटूथ डोंगलमध्ये. मायलेज बघायला कधीतरी घेतलेलं, महिनोन्‌महिने तिथेच. ते काढल्यावर 28. गाडी स्वतः निर्दोष होती. (हेच 80 जर डोंगल नसताना आले असते, तर पुढचा संशय बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर गेला असता. तिची पिवळी आणि लाल तार एकत्र पिळून टाकायची सवय अनेकांना असते, मग सिस्टिम कधी झोपतच नाही.)

डोंगल मुद्दाम परत लावलं. रोजची रात्र जशी जाते तशीच मोजायची होती. टर्मिनलवरून दोन बारीक तारा काढून नोंद ठेवणारा मीटर जोडला आणि गाडी वाड्यासमोर लावली. संध्याकाळी साडेसातला इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी मीटरवर 12.95 व्होल्ट होते. हा आकडा बघून बॅटरी फुल्ल आहे असं समजू नये. अल्टरनेटर नुकताच थांबलेला असतो, प्लेटांच्या वरवर चार्ज साचलेला असतो, आणि तो तासाभरात उतरतो. साडेआठला 12.46. हा खरा आरंभ. साडेअकराला 12.33, पहाटे साडेतीनला 12.15, साडेसहाला 12.03 आणि साडेसातला 11.99. बाहेर सहा अंश. सेल्फ मारल्यावर व्होल्टेज 8.6 पर्यंत कोसळलं आणि तोच ओळखीचा आवाज आला, कट-कट. स्टार्टरच्या सोलेनॉइडला आत ओढून धरण्यापुरताही जोर उरत नाही, तो सुटतो, सुटल्यावर व्होल्टेज थोडं वर येतं, म्हणून पुन्हा ओढला जातो. तो आवाज त्याचा.

आता या नोंदीत किट कुठे दिसतं? कुठेच नाही. बॅटरी 11.99 वर होती आणि किटला 11.8 वर बंद व्हायचं होतं. त्याची वेळच आली नव्हती.

तरीही किट टेबलावर तपासलं, कारण स्वस्त किटांच्या छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही; दोन दशांश इकडेतिकडे सहज निघतात. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय घेतला, किटची पिवळी आणि काळी तार त्याला जोडली आणि पुढे तोच डॅशकॅम लावला. पिवळी म्हणजे सतत चालू राहणारी, लाल म्हणजे चावीबरोबर चालू होणारी, काळी म्हणजे अर्थ. लाल मोकळी ठेवली की किटला गाडी बंद आहे असं वाटतं. 12.6 पासून हळूहळू खाली आणलं. 11.74 वर दहा-बारा सेकंद थांबून किटने पुरवठा तोडला. मग व्होल्टेज वाढवत नेलं तर 12.5 पार केल्यावरच पुन्हा चालू झालं. ही मधली दरी महत्त्वाची असते. भार सुटला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं. दरी नसलेलं किट लगेच पुन्हा चालू होतं, पुन्हा खाली खेचतं, पुन्हा तुटतं, आणि पहाटेपर्यंत हा खेळ चालतो. मेमरी कार्डात दोन-दोन मिनिटांच्या तुटक फाइली दिसल्या की हे ओळखावं. काकांच्या किटमध्ये ती खोड नव्हती.

एक मोजणी गाडीवरही केली. डॅशकॅम चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि किटच्या तोंडाशी एकाच वेळी व्होल्टेज बघितलं, तर किटला 0.07 कमी मिळत होतं. तार, फ्यूज टॅप, अर्थचा बोल्ट यांत तेवढं जातं आणि तेवढं चालतं. पण अर्थचा बोल्ट रंगावर कसलेला असेल किंवा तार नुसती पिळून टेप गुंडाळलेली असेल तर हा फरक 0.3 पर्यंतही जातो. मग बॅटरी चांगली असूनही किट वेळेआधीच बंद पडतं आणि दोष पुन्हा किटलाच लागतो.

म्हणजे दोष उरला आकड्यात. 11.8 हा आकडा बॅटरीला वाचवतो ते कशापासून? पूर्ण मरण्यापासून. लेड-ॲसिड बॅटरी काही तास शांत राहिल्यावर 12.7 दाखवत असेल तर भरलेली, 12.4 म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या आसपास, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे जेमतेम पाव. 11.8 वर ती जवळपास रिकामी असते. डॅशकॅमसारखा पाव-अर्धा अँपिअरचा भार या आकड्यांना फार हलवत नाही, म्हणून किट जे बघतं ते साधारण विश्रांतीचंच व्होल्टेज असतं. नवी बॅटरी, ऑक्टोबरची उबदार सकाळ आणि लहान इंजिन असेल तर पावभर चार्जवरही गाडी कशीबशी सुरू होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तेल घट्ट असतं, बॅटरीचं रसायन मंदावलेलं असतं, आणि स्टार्टरला नेमका त्याच वेळी जास्त करंट हवा असतो. 11.8 ची खूण अशा सकाळीसाठी आखलेली नसतेच.

पण याहून मोठी गोष्ट त्या रात्रीच्या नोंदीतच दडली होती. साडेआठ ते साडेसात, अकरा तास, 0.39 अँपिअर. गुणाकार केला तर 4.3 अँपिअर-तास. 35 च्या बॅटरीतून एवढं काढलं तर ती बारा टक्के उतरायला हवी, व्होल्टेजमध्ये एक दशांश, फार तर सव्वा. इथे पडझड 0.47 ची होती, चौपट. याचा अर्थ बॅटरीवर 35 लिहिलं असलं तरी तिच्यात आता कामाचे दहाच्या आसपास उरले होते. 20 लिटरच्या हंड्यात तळाशी सिमेंट बसावं तसं. मीटर पातळी खरी सांगतो, पण हंडा केवढा उरलाय ते सांगत नाही. ते कळायला किती काढलं आणि पातळी किती उतरली, दोन्ही हवं.

खात्रीसाठी बॅटरी बाहेर काढून 3.5 अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावली. 14.4 व्होल्टवर करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली येईपर्यंत ठेवली, मग काही तास शांत ठेवली. 12.58 आले, 12.7 पर्यंत गेलीच नाही. त्यानंतर इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडला. हा बल्ब या कामाला मुद्दाम निवडावा, कारण 12 व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो, आणि 35 अँपिअर-तासांचा छापील आकडाही वीस तासांत पावणेदोन अँपिअरने काढूनच ठरवलेला असतो. शेवटपर्यंत काढायचं नाही, तसं केलं तर तपासणीतच बॅटरीचं नुकसान होतं. बल्ब जळत असताना 11.9 आले की थांबायचं. धडधाकट बॅटरीला इथवर यायला दहा-एक तास लागतात. ही साडेचार तासांत आली.

अशी अवस्था एका रात्रीत येत नाही. रोज निम्म्यावर उतरायची, दिवसा थोडी भरायची, पुन्हा उतरायची. अर्धवट चार्जवर पडून राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचे कण बसतात आणि वेळेत फुल्ल चार्ज मिळाला नाही की ते कडक होतात. नंतर कितीही चार्ज करा, तेवढा भाग पुन्हा कामाला येत नाही. त्यात इथला मे-जून. उन्हाळ्यात बॅटरी आतून झिजते आणि ते उघड पडतं जानेवारीत, म्हणून लोक थंडीला नावं ठेवतात.

बॅटरी बदलली. पण तेवढ्यावर सोडलं असतं तर नव्या बॅटरीचीही दीड-दोन वर्षांत तीच गत झाली असती. जमाखर्च मांडायला हवा होता. काकांचं रोजचं जाणं लष्कर ते मुरार, सहा-सात किलोमीटर, वीस-पंचवीस मिनिटं. डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या तारेभोवती लावून एक फेरी मोजली. इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं 18 अँपिअर आत जात होते, दहा मिनिटांनी 5, मुरारला पोहोचेस्तोवर 3. एका फेरीत सव्वादोनच्या आसपास अँपिअर-तास जमा, जाऊन-येऊन साडेचार. बॅटरी जितकी भरत जाते तितकी ती कमी घेते, त्यामुळे अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी लहान फेरीत काम होत नाही. खर्चाच्या बाजूला डोंगल काढल्यावर 0.34 अँपिअर. रात्रीचे बारा तास म्हणजे 4.1, ऑफिसच्या आवारात उभी असतानाचे आठ तास म्हणजे 2.7. एकूण 6.8 खर्च, साडेचार जमा.

हा तोटा रोज साठत जाऊन बॅटरी शून्यावर येते असं मात्र होत नाही. ती खाली गेली की चार्ज जास्त ओढते, आणि कुठेतरी खालच्या पातळीवर जमाखर्च जुळतो. गाडी सुरू होत राहते, मालकाला सगळं ठीक वाटतं, आणि बॅटरी कायमची अर्धपोटी राहते. कट-ऑफचा आकडा म्हणजे ती किती खाली जाऊ शकते त्याचा तळ. 11.8 ठेवला तर तळ जवळजवळ विहिरीच्या तळाशीच.

म्हणून किट बदललं, पण पहिल्या दोन किटांच्या दोषामुळे नव्हे. त्यांचा आकडा 11.8 वर पक्का होता; नव्यावर छोट्या स्विचने 11.8, 12.0, 12.2 आणि 12.4 निवडता येतं. 12.4 ठेवलं. 12.2 चालतं ते रोज तासभर हायवे करणाऱ्या गाडीला. एक अपवाद लक्षात ठेवावा. काही नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर कंप्युटरच्या हुकुमावर चालतो आणि ब्रेक मारताना येणारी ऊर्जा सामावण्यासाठी बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवतो. तिथे 12.4 ठेवलं तर गाडी बंद केल्यावर थोड्याच वेळात कॅमेरा मिटतो, 12.2 घ्यावं लागतं. अशा गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बऱ्याचदा एक सेन्सर असतो. किटची काळी तार थेट त्या टर्मिनलला न लावता बॉडीच्या बोल्टला लावायची, नाहीतर डॅशकॅमने खाल्लेला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

कॅमेऱ्याची भूक कमी करता येते का तेही पाहिलं. टाइमलॅप्स लावल्यावर 310 चे 270 झाले. लोकांना यातून खूप अपेक्षा असते, पण लेन्समागचा सेन्सर आणि प्रोसेसर चालूच राहतात, फक्त लिहिणं कमी होतं. मागचा कॅमेरा काढला तर 210. धक्का बसल्यावरच जागं होण्याच्या मोडमध्ये 20, पण जागं व्हायला त्याला एक-दोन सेकंद लागतात, आणि गल्लीत आरसा मोडून जाणारा स्कूटरवाला तेवढ्यात निघून गेलेला असतो. काकांना रात्री पूर्ण रेकॉर्डिंगच हवं होतं. मग दिवसाचं सोडा, असं ठरलं. ऑफिसच्या आवारात चौकीदार असतो.

त्यासाठी दोन बाजूंचा एक छोटा स्विच डॅशबोर्डखाली लावला. मधल्या पिनला किटची पिवळी तार, एका बाजूला सतत चालू राहणारा पुरवठा, दुसऱ्या बाजूला चावीबरोबर बंद होणारा. दिवसा दुसऱ्या बाजूला टाकलं की चावी काढल्याबरोबर कॅमेरा बंद. सुपरकपॅसिटरवाला डॅशकॅम असल्यामुळे शेवटची फाइल नीट मिटवायला त्याला पुरेसा वेळ मिळतो.

फ्यूज बॉक्सचं काम आधीच्यांनी घाईत केलेलं होतं, ते नव्याने केलं. सतत पुरवठ्यासाठी हॅझर्डचा फ्यूज घेतला. केबिन लाइटचा सहसा घेऊ नये, कारण काही गाड्या तो पुरवठा काही वेळाने स्वतःच तोडतात आणि किट बंद पडल्याचा भास होतो. चावीच्या पुरवठ्यासाठी 12 व्होल्ट सॉकेटचा फ्यूज. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. फ्यूज टॅप दोन दिशांनी बसतो आणि दोन्ही दिशांनी कॅमेरा चालतो, म्हणूनच चूक कळत नाही. उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. ओळखायचं असं: टॅपमधला मूळ फ्यूज उपटायचा. हॅझर्ड बंद पडायला हवा, पण डॅशकॅम चालू राहायला हवा. डॅशकॅमही गेला तर टॅप फिरवून लावायचा. पहिल्या दुकानात तो उलटाच बसवलेला होता.

तीन आठवड्यांनी पुन्हा मीटर लावला. आता रात्रीचे 4.1 जात होते आणि दोन फेऱ्यांत साडेचार येत होते. सकाळी साडेसातला 12.43, सेल्फ मारताना सगळ्यात खाली 10.3, आणि किटचा कट-ऑफ सोमवार ते शनिवार एकदाही लागला नव्हता. रविवारी गाडी निघत नाही. त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला 12.4 आले, किटने पुरवठा तोडला, आणि त्यानंतर गाडीचे 28 आणि किटचे स्वतःचे 4 मिळून 32 मिलिअँपिअरच जात राहिले. सोमवारी सकाळपर्यंत तो खर्च पाऊण अँपिअर-तासाच्या आतच राहिला. रविवारी रात्री मात्र कॅमेरा आंधळा असतो. काका म्हणाले, चालेल. रविवारी शेजाऱ्यांच्या दुचाक्या बाहेर असतात, तेवढी एक रात्र गाडी वाड्याच्या आत मावते.